अबोल्याला काय उत्तर लिहायचं?



आजच्या व्याख्यानाचा विषय मला सांगितला गेला तो असा : ‘जोडीदार बोलणं बंद करतो तेव्हा काय करावं?’ हा विषय फार मोठा आहे, म्हणून मी तो जरा अरुंद करून घेतलाय. आज आपण फक्त एका मेसेजबद्दल बोलणार आहोत. घरात दोन-तीन दिवस अबोला आहे, तुम्हाला तो मोडायचा आहे, आणि हातात फोन आहे. काय लिहायचं? त्याहून महत्त्वाचं म्हणजे, काय लिहायचं नाही?

सुरुवातीला एक फरक सांगते. आपल्या भाषेत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. एक रुसवा आणि दुसरा अबोला. रुसलेला माणूस तोंड फिरवून बसतो खरा, पण एका डोळ्याने बघत असतो की कोणी समजूत काढायला येतंय का. रुसव्याला मनधरणी चालते, किंबहुना ती हवीच असते. अबोल्याचं तसं नाही. अबोल्यात माणूस आत जाऊन कडी लावून घेतो. तिथे मनधरणी करायला गेलं की ती कडी वाजवल्यासारखी होते, आणि जितकी जोरात वाजवाल तितकी आतली कडी घट्ट होते. घरोघरी गोंधळ होतो तो इथेच, कारण आपण अबोल्याला रुसव्याचं औषध देतो.

आत काय चाललेलं असतं

गप्प बसलेल्या माणसाकडे बघून बाहेरच्याला वाटतं, ‘याला काही फरकच पडत नाही. दगड आहे नुसता.’ अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना प्रयोगशाळेत बसवून त्यांच्यातल्या वादाच्या विषयावर बोलायला सांगितलं आणि त्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. त्यातून दिसलं ते असं, की भांडणात भिंतीसारखा गप्प होणारा माणूस आतून बहुतेक वेळा अजिबात शांत नसतो. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेलेले असतात, अंगात धोक्याची घंटा वाजत असते. अशा अवस्थेत समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही, विनोद कळत नाही, उत्तर सुचत नाही. गॉटमन याला पूर येण्याची उपमा देतात. पुरात सापडलेला माणूस चर्चा करत नाही, तो काठ शोधतो. गप्प होणं हा बऱ्याच जणांचा काठ असतो.

त्यांच्याच एका अभ्यासातली गोष्ट मला फार आवडते. जोडप्यांचा वाद पंधरा मिनिटं झाला की त्यांना थांबवलं. सांगितलं, यंत्रात जरा बिघाड आहे, आम्ही बघतो, तोवर तुम्ही त्या विषयावर बोलू नका, ही मासिकं वाचा. अर्ध्या तासाने तोच वाद पुन्हा सुरू करायला लावला. ठोके खाली आलेले होते आणि बोलणंही बरंच समजुतीचं झालं होतं. मध्ये कोणी कोणाला समजावलं नव्हतं. नुसती मासिकं वाचली होती.

म्हणजे गप्प होणं ही मुळात वाईटच गोष्ट आहे असं नाही. अडचण पुढे होते. अर्ध्या तासाची विश्रांती संपल्यावर परत कसं यायचं ते कळत नाही. आधी राग असतो, मग संकोच येतो, मग ‘आता मीच का बोलू’ असं होतं. तीन दिवसांनी मूळ राग बराचसा ओसरलेला असतो, पण दार उघडायचं कसं हा प्रश्न उरतो. आपला मेसेज या टप्प्यावर कामाला येतो.

आणि बाहेर उभा असलेला माणूस?

आता दुसरी बाजू, कारण मेसेज लिहिणार ती आहे. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. एकदा बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसांनी त्यांच्याकडे खेळातली तबकडी टाकली, दोन-चारदा टाकली, आणि मग टाकणं बंद केलं. ते आपापसात खेळू लागले. एवढ्याशा गोष्टीचंही विल्यम्स यांना वाईट वाटलं, आणि त्यावरूनच त्यांना प्रयोगाची कल्पना सुचली. कॉम्प्युटरवर तिघांचा चेंडूचा खेळ, त्यात दोघं तिसऱ्याला चेंडू द्यायचं बंद करतात. बस्, एवढंच. तरी वगळलेल्या माणसाला आपण कोणाचे नाही असं वाटतं, स्वतःची किंमत कमी वाटते, आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं. पुढे त्यांनी लोकांना सांगून टाकलं, की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर खेळतोय. तरीही वाईट वाटलंच!

आता विचार करा, अनोळखी यंत्राने चेंडू दिला नाही तर इतकं लागतं. इथे तर आपलं माणूस आहे, एकाच घरात, एकाच ताटलीतली भाजी घेतंय आणि आपल्याकडे बघत नाही. त्या वेळी जीव कासावीस होणारच. आणि कासावीस झालेला माणूस काय करतो? मेसेज पाठवतो. एक, दोन, आठ. प्रत्येक मेसेज पाठवल्यावर अर्धा मिनिट बरं वाटतं, कारण आपण काहीतरी केलं. मग उत्तर येत नाही, आणि पुन्हा कासावीस.

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा : अबोल्यात पाठवलेले बहुतेक मेसेज हे पाठवणाऱ्याचं स्वतःचं दुखणं थांबवायला पाठवलेले असतात. त्यात बोलावणं नसतं, ‘माझी ही घालमेल आत्ता थांबव’ अशी मागणी असते. समोरच्याला ती मागणी बरोबर ऐकू येते.

एक जोडपं घेऊ

समजा असं एक जोडपं आहे. दोघं तिशीतले, पुण्यात राहतात, दोघंही नोकरी करतात. एक लहान मुलगी. घराचा हप्ता चालू आहे. शनिवारी तिच्या मामांकडे मुंज. जेवणं झाल्यावर गप्पा रंगल्या. कोणीतरी विचारलं, ‘गाडी कधी घेताय?’ ती हसत म्हणाली, ‘याच्या पगारात आधी हप्ता भागू दे, मग गाडीचं बघू.’ सगळे हसले. तोही हसला. परतताना रिक्षात एक शब्द बोलला नाही. रविवार तसाच गेला. सोमवारी ‘दूध आणलंय’ आणि ‘हिला डबा दिलाय’ ही दोनच वाक्यं. मंगळवारी दुपारी तिने ऑफिसमधून मेसेज पाठवायला सुरुवात केली :

‘काय झालंय?’
‘बोल ना’
‘मी एवढं काय केलं?’
‘गंमत केली होती रे’
‘तुला साधी गंमतही कळत नाही का?’
‘किती दिवस असं चालणार आहे?’
‘ब्लू टिक दिसतेय मला’
‘ठीक आहे. आता मीही नाही बोलणार’

चाळीस मिनिटांत आठ मेसेज. हसू नका, आपल्यातल्या निम्म्या जणांच्या फोनमध्ये हे असेल.

आता हे आठ मेसेज त्याच्या जागी बसून वाचा. ‘काय झालंय?’ हा प्रश्न काळजीचा वाटतो, पण काय झालं ते तिला माहीत आहे, निदान अंदाज आहे. मग त्याला वाटतं, हिला अजून कळलंसुद्धा नाही! ‘मी एवढं काय केलं?’ यात प्रश्नचिन्ह आहे, पण प्रश्न नाही. त्याचा अर्थ ‘मी काही केलेलं नाही’ असा होतो. पाचव्या मेसेजपर्यंत दोष त्याच्याकडे गेला. सहाव्यात जाब आहे, सातव्यात पहारा आहे, आठव्यात धमकी. त्याने उत्तर द्यावं असं यातलं एक तरी वाक्य आहे का? कोणत्याही वाक्याला उत्तर दिलं तरी तो आरोपीच ठरतो. म्हणून तो सगळ्यात सुरक्षित गोष्ट करतो, काहीच लिहीत नाही.

अँड्र्यू क्रिस्टनसन या संशोधकाने या प्रकाराचा बराच अभ्यास केला. एक जण मागे लागतो, दुसरा मागे सरतो. मागे लागणाऱ्याला वाटतं, तो सरतो म्हणून मला मागे लागावं लागतं. सरणाऱ्याला वाटतं, ती मागे लागते म्हणून मला सरावं लागतं. दोघांचंही खरं असतं. सर्वसाधारणपणे बायका मागे लागताना आणि पुरुष सरताना जास्त दिसतात, पण त्यांच्या अभ्यासात हेही दिसलं की बदल कोणाला हवा आहे यावर बरंच अवलंबून असतं. तेव्हा ‘पुरुष असेच’ म्हणून सोडून देऊ नका.

चांगला मेसेज ओळखायची एकच परीक्षा

मेसेज लिहून झाला की पाठवायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा : ‘याला “आत्ता नको” असं उत्तर आलं तर ते मला चालेल का?’

चालणार असेल तर ते आमंत्रण आहे. चालणार नसेल, तर शब्द कितीही गोड असोत, तो दबाव आहे. लग्नाचं आमंत्रण देतो तेव्हा आपण माणसाला हाताला धरून ओढत नेत नाही. दिवस सांगतो, जागा सांगतो, तुम्ही आलात तर आनंद होईल म्हणतो. येणं न येणं त्याच्याकडे ठेवतो. अबोल्यात गेलेल्या माणसाला हेच हवं असतं, की यायचं की नाही आणि केव्हा, हे थोडं तरी माझ्या हातात असावं.

आता आपल्या जोडप्याकडे परत येऊ. मंगळवारी रात्री ती थोडी शांत झाली आणि नव्याने लिहायला बसली. पहिला खर्डा असा :

‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. आता प्लीज नॉर्मल हो.’

चांगल्या मनाने लिहिलंय, पण बघा. ‘वाटलं असेल तर’ म्हटलं की माफी मागितलीही आणि नाहीही. त्यात सुचवलेलं असतं की लागण्यासारखं काही नव्हतं, तूच हळवा आहेस. आणि ‘नॉर्मल हो’ म्हणजे विषय न काढता संपव. परीक्षेला लावा : ‘अजून नाही होऊ शकत’ असं उत्तर आलं तर तिला चालणार आहे का? नाही. खोडा.

दुसरा खर्डा तिने अगदी मनापासून लिहिला, आणि तो मोबाइलच्या तीन पडद्यांइतका लांब झाला. त्यात शनिवार होता, मागच्या वर्षीचा गणपती होता, त्याच्या आईचं एक वाक्य होतं, ‘मी या घरासाठी काय काय करते’ होतं, आणि शेवटी ‘तरीही माझं तुझ्यावर प्रेम आहे’ होतं. लांब मेसेजची अडचण अशी, की वाचणारा त्यातलं सगळ्यात टोचणारं वाक्य पकडतो आणि बाकीचं सोडून देतो. इथे तो आईचं वाक्य पकडणार. पूर आलेल्या माणसाला तीन पडदे वाचवत नाहीत. ‘मला हे सगळं बोलायचंय’ असं वाटत असेल तर कागदावर लिहून ठेवा, स्वतःसाठी.

तिसरा खर्डा :

‘शनिवारी मामांकडे मी तुझ्या पगारावरून सगळ्यांसमोर बोलले. ते तिथे बोलायला नको होतं. तेव्हापासून आपण नीट बोललेलो नाही, आणि मला घरात एकटं वाटतंय. त्या वेळी तुला काय वाटलं ते मला ऐकायचंय. लगेचच असं नाही. आज किंवा उद्या, पिल्लू झोपल्यावर गच्चीवर बसूया का? अजून नको वाटत असेल तर तेवढं लिही, मी थांबते.’

सात छोटी वाक्यं. एकेक बघू.

पहिल्या वाक्यात फक्त घडलेली गोष्ट आहे, कॅमेऱ्याने टिपावी तशी. ‘गंमत’ हा शब्द नाही, ‘तू चिडलास’ हेही नाही. याने त्याला कळतं, की हिला नेमकं कशाबद्दल ते माहीत आहे. अबोल्याचं अर्धं ओझं इथे उतरतं, कारण आता त्याला विषय काढावा लागत नाही.

दुसऱ्यात तिच्या वाट्याचं तिने घेतलं, ‘पण’ न जोडता. इथे एक सावधगिरी. जे खरंच तुमचं आहे तेवढंच घ्या. अबोला संपावा म्हणून न केलेल्या गोष्टीची माफी मागू नका. रामायणात कैकेयी कोपगृहात जाऊन बसते, तेव्हा दशरथ घाबरून काय म्हणतो? तुला हवं ते देतो, सांग फक्त! ती काय मागणार आहे हे न ऐकताच त्याने शब्द दिला. पुढचं रामायण आपल्याला माहीत आहे. घाबरून दिलेला कोरा चेक संवाद सुरू करत नाही, आणि गप्प बसलं की हवं ते मिळतं हे मात्र शिकवतो.

तिसऱ्यात तिची भावना आहे, ‘मला’ने सुरू होणारी. ‘तू मला एकटं पाडलंस’ आणि ‘मला एकटं वाटतंय’ यात फरक आहे. पहिल्यावर वाद घालता येतो. दुसऱ्यावर काय वाद घालणार?

चौथं वाक्य सगळ्यात मोलाचं. ‘मला सांगायचंय’ असं तिने लिहिलेलं नाही, ‘मला ऐकायचंय’ असं लिहिलंय. गच्चीवर गेल्यावर आपल्याला आठ मेसेजांचा दुसरा भाग ऐकावा लागणार नाही, हा भरवसा त्यात आहे. अर्थात तो पाळावा लागतो.

पाचव्या आणि सहाव्या वाक्यात घाई काढून टाकली आणि तरीही ‘कधीतरी बोलू’ असं हवेत सोडलं नाही. दोन वेळा दिल्या, जागा दिली. गच्चीच का? कारण समोरासमोर, जेवणाच्या टेबलावर, दिवा लावून बसलं की चौकशी चालल्यासारखं वाटतं. शेजारी बसून किंवा चालत चालत बोललेलं अनेकांना सोपं जातं, डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. शिवाय आपली घरं लहान. पलीकडच्या खोलीत आई-वडील झोपलेत, भिंतीला कान आहेत. कित्येक घरांत अबोला टिकतो तो निव्वळ भांडायला जागा नसते म्हणून!

आणि सातवं वाक्य म्हणजे आपली परीक्षा. ‘नको’ म्हणायची सोय तिने स्वतःच करून ठेवली. गंमत अशी, की ‘अजून नको’ हेसुद्धा उत्तर आहे. ते लिहिलं की अबोला मोडलाच.

पाठवल्यानंतर

खरी कसोटी पुढे आहे. मेसेज पाठवला की फोन उलटा ठेवा. ब्लू टिक झाली, ‘टायपिंग’ दिसलं आणि नाहीसं झालं, त्यावर काही लिहायचं नाही. एक प्रश्नचिन्हसुद्धा नाही. दुसरा मेसेज गेला की पहिल्यातलं ‘मी थांबते’ खोटं ठरतं. घरात नेहमीसारखं वागा. चहा करत असाल तर दोघांचा करा, पण कप आपटू नका आणि मुलीकरवी निरोप धाडू नका. ‘बाबांना सांग जेवायला वाढलंय’ हे वाक्य मुलांना टपालखात्यात नोकरीला लावतं. सासूबाईंना, भावाला, मित्राला मध्ये घालणंही तसंच. तो आधीच चारचौघांत लहान झालाय, त्यात आणखी माणसं वाढवू नका.

आपल्या गोष्टीत रात्री नऊ वाजता त्याचं उत्तर आलं : ‘बघू.’

आता ‘बघू’ हा शब्द वाचून तिचा जीव पुन्हा वर-खाली होणार. एवढं लिहिलं आणि हा म्हणतो बघू! पण पहिलं उत्तर क्वचितच गोड असतं. ते ‘हं’ असतं, ‘बघू’ असतं, कधी एखादं तिखट वाक्य असतं. ती कडी काढल्याचा आवाज आहे. तिने लिहिलं, ‘बरं.’ बस्.

बुधवारी रात्री तो आपणहून गच्चीवर गेला. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘तुझ्या मामांसमोर माझी लायकी काढलीस तू.’ हा क्षण नाजूक असतो. तिच्या जिभेवर आलं होतं, ‘अरे पण लायकी वगैरे कुठे काढली!’ ते गिळून ती म्हणाली, ‘तुला तिथे लहान झाल्यासारखं वाटलं का?’ पुन्हा थोडी शांतता. मग तो म्हणाला, ‘हप्त्यातला जास्त भाग तू भरतेस, हे मला दर महिन्याला कळतं. ते त्यांना कळायची गरज नव्हती.’

बघा, विषय निघाला कुठे! शनिवारचं वाक्य निमित्त होतं. खालचं दुखणं वेगळं आणि जुनं होतं, आणि आठ मेसेजांनी ते कधीच वर आलं नसतं. गॉटमन आणि त्यांच्या सहकारी सिबिल करेर यांनी १९९९ साली १२४ नवविवाहित जोडप्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वादाच्या पहिल्या तीन मिनिटांत दोघं कसं बोलतात, यावरून पुढच्या सहा वर्षांत कोणाचं लग्न मोडेल याचा बराच अंदाज बांधता आला. आपला मेसेज म्हणजे त्या तीन मिनिटांची तयारी आहे.

त्या रात्री त्या दोघांनी दोन गोष्टी ठरवल्या. पैशांचं बोलणं घराबाहेर नाही. आणि त्याला लागलं तर त्याने गप्प व्हावं, हरकत नाही, पण एक वाक्य बोलून : ‘मला जरा वेळ हवाय, रात्री बोलतो.’ परत यायची वेळ सांगितली की तो अबोला उरत नाही, ती विश्रांती होते.

हा मेसेज कुठे चालत नाही

आता मर्यादा. वर सांगितलेलं सगळं दुखावलेल्या किंवा गोंधळलेल्या माणसाच्या अबोल्याला लागू आहे. एक दुसऱ्या जातीचा अबोलाही असतो, आणि तो शिक्षा म्हणून वापरला जातो. दोन्हीतला फरक एका घटनेवरून कळत नाही, पण काही महिने मागे वळून पाहिलं तर कळतो. हा अबोला केव्हा संपतो ते बघा. वेळ गेल्यावर, बोलणं झाल्यावर संपतो, की प्रत्येक वेळी तुम्ही शरण गेल्यावरच संपतो? तुम्ही माहेरी जायचं रद्द केलंत, मैत्रिणीला भेटणं सोडलंत, पगार हातात दिलात की लगेच गोडीगुलाबी सुरू होते का? अबोल्याबरोबर पैसे अडवणं, फोन तपासणं, धमक्या, वस्तू फेकणं असं काही आहे का? आणि मुख्य म्हणजे, मेसेज लिहिताना तुम्हाला वाईट वाटतंय की भीती वाटतेय?

उत्तर भीती असं असेल, तर अडचण तुमच्या मेसेजच्या शब्दांत नाही आणि शब्द बदलून ती सुटणार नाही. तिथे आणखी गोड लिहिणं म्हणजे आणखी शरण जाणं. विश्वासातल्या माणसाला सांगा, समुपदेशकाकडे एकट्याने जा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, त्यात शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही येतो.

आता तुमचे प्रश्न घेते.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*‘मेसेज पाठवून तीन दिवस झाले, उत्तरच नाही. मग?’*

मग दुसरा एकच मेसेज, पहिल्याहून छोटा. असा काहीतरी : ‘माझं बोलावणं तसंच आहे. हे असं राहणं मला जड जातंय. रविवारी संध्याकाळी मी घरी आहे, बोलायचं असेल तर बोलू.’ यात तुमचा त्रास खरेपणाने सांगितलाय, पण धमकी नाही. त्यानंतर तुमचा दिवस तुमच्या पद्धतीने चालू द्या. आठवडे जात असतील आणि हे वारंवार होत असेल, तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जायचं सुचवा. तो किंवा ती नाही म्हणाली तर तुम्ही एकटे जा.

*‘आमच्याकडे उलटं आहे. बायको गप्प होते. मी विचारतो काय झालं, ती म्हणते काही नाही. मी बाहेर जेवायला नेतो, साडी आणतो, तरी तेच.’*

(हशा) जेवण आणि साडी यांत एक गोष्ट राहून गेली, विषय! ‘काही नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘तुला माहीत असायला हवं’ असा असतो. तेव्हा अंदाज करून लिहा, चुकला तरी चालेल. ‘काल आई तुला बोलली तेव्हा मी पेपर वाचत बसलो. ते तुला लागलं असेल असं मला वाटतंय. चुकत असेन तर सांग. मला ऐकायचंय.’ अंदाज चुकला तर ती म्हणेल, ‘ते नाही रे, ते वेगळंच आहे.’ म्हणजे बोलली ना! साडी नंतर आणा.

*‘प्रत्येक वेळी मीच का पहिलं पाऊल टाकायचं?’*

प्रश्न रास्त आहे. एका अबोल्यात कोणी सुरुवात केली याचा हिशोब ठेवू नका. पण वर्षभरात दर वेळी तुम्हीच करत असाल, तर तो हिशोब खरा आहे आणि तो मांडायलाच हवा. फक्त अबोला चालू असताना नाही. चांगले दिवस चालू आहेत, दोघं हसताय, तेव्हा म्हणा, ‘गेल्या चार वेळा मी पहिल्यांदा लिहिलं. पुढच्या वेळी तू लिहावंस असं मला वाटतं. तुला काय लिहिणं सोपं जाईल?’ ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांच्यासाठी काही जोडपी एक खूण ठरवून ठेवतात. ‘चहा?’ एवढा एकच शब्द लिहायचा, आणि त्याचा अर्थ ‘मी बोलायला तयार आहे’ असा दोघांनी आधीच मान्य केलेला असतो. लिहायला दोन अक्षरं, पण ती ठरवायची भांडण नसतानाच.

वेळ संपली आहे, इथे थांबते.